कशाच्या ४० टक्के?

साताऱ्याच्या एमआयडीसीतली ती मुलाखत जेमतेम दहा-बारा मिनिटं चालली. पहाटेच्या एसटीनं सांगली सोडली होती, पेठ नाक्यावर चहा घेतला होता, इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून सीटला पाठसुद्धा टेकवली नव्हती. समोर प्लँट हेड बसलेले. त्यांनी माझा रेझ्युमे उलटा-सुलटा केला आणि एका ओळीवर पेन टेकवलं. ओळ अशी होती: ‘रिजेक्शन ४० टक्क्यांनी कमी केलं, वार्षिक ५ लाखांची बचत.’

‘कशाच्या ४० टक्के?’ त्यांनी विचारलं.

‘सर, एकूण रिजेक्शनच्या.’

‘म्हणजे किती होतं, किती झालं?’

‘साधारण चार... चारवरून अडीच, सर.’

‘किती नगांवर? कोणत्या महिन्यांत? आणि ५ लाख कुठून आले?’

५ लाख कुठून आले ते मलाही माहीत नव्हतं. आमच्या महिन्याच्या आढावा बैठकीच्या एका स्लाइडवर ते होते, तिथून मी उचलले होते. त्यांनी मान हलवली, घरी कोण कोण असतं ते विचारलं आणि ‘कळवू’ म्हणाले. मुलाखतीत घरची चौकशी लवकर सुरू झाली की उमेदवारानं ओळखून घ्यावं.

राग मला स्वतःचाच आला. कारण काम मी खरंच केलं होतं. कुपवाडच्या एका मशीन शॉपमध्ये मी क्वालिटीत आहे. दोन सीएनसी लेथवर आम्ही बेअरिंग हाउसिंग करतो. त्यातल्या बोअरवर, म्हणजे बेअरिंग बसतं त्या गोल भोकावर, मी तीन महिने डोकं घातलं होतं आणि भंगाराच्या पेटीत पडणारे जॉब, म्हणजे बिघडलेले नग, डोळ्यांदेखत कमी झाले होते. पण रेझ्युमेत ते काम नव्हतंच. तिथे एक टक्केवारी होती आणि तिच्याखाली जमीन नव्हती.

त्याच आठवड्यात संक्रांत आली. सासरवाडी वाळवा तालुक्यात. सासरे, आम्ही त्यांना मामा म्हणतो, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी गळीत हंगाम सुरू झाला की रोज कुणाला तरी फोन करून उतारा, म्हणजे उसातून किती टक्के साखर निघाली ते, विचारतात. तिळगूळ खाता खाता मी साताऱ्याची फजिती सांगितली. ते हसतील असं वाटलं होतं. हसले नाहीत.

‘जावईबापू, उतारा साडेअकरा म्हटलं तर मी पहिलं काय विचारणार?’

‘काय?’

‘आजचा, का हंगामाचा सरासरी? नोव्हेंबरात ऊस कवळा असतो, उतारा कमीच लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत आपोआप चढतो. कोण नवा चीफ केमिस्ट डिसेंबरात आला आणि फेब्रुवारीत म्हणाला, माझ्यामुळं उतारा एकानं वाढला, तर त्याला आम्ही काय म्हणायचं? तुमचे ते चारवरून अडीच कुठल्या महिन्याचे आहेत ते बघा आधी.’

माझे ‘चार’ एप्रिल ते जूनचे होते आणि ‘अडीच’ ऑक्टोबर ते डिसेंबरचे. उन्हाळा विरुद्ध हिवाळा. आणि धातू उन्हात फुगतो हे मला मामांपेक्षा जास्त ठाऊक असायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी रोज जेवणाच्या सुट्टीत रिजेक्शन रजिस्टर घेऊन बसायला लागलो. ते रजिस्टर माझ्याच टेबलावर असतं, त्यामुळे कुणाला काही विचारायची गरज नव्हती. पान मात्र एकही बाहेर नेलं नाही, फोटो काढला नाही. फक्त बेरजा एका वहीत उतरवल्या. गिऱ्हाइकाचं नाव, ड्रॉइंग नंबर, दर यांतलं काहीच वहीत आणलं नाही. ते मुलाखतीत सांगायचं नसतं, मग खिशात तरी कशाला ठेवा.

पहिली बेरीज सोपी निघाली. एप्रिल ते जून १८,४०० नग झाले, ७७३ रिजेक्ट. म्हणजे ४.२ टक्के. ऑक्टोबर ते डिसेंबर २१,२५० नग, ५३१ रिजेक्ट. म्हणजे २.५ टक्के. ४.२ वरून २.५ ही घट ४० टक्क्यांची. स्लाइड तेवढ्यापुरती खरी होती. तरी साताऱ्यात ‘४० टक्के’ म्हणताना ऐकणाऱ्याला काय काय वाटू शकतं ते आता दिसलं. ४० मधून शून्यावर आलं, असंही कुणी समजेल. म्हणून पुढे मी टक्केवारीची टक्केवारी बोलायचं सोडलं आणि ‘हजारात किती’ असं बोलायला लागलो. हजारात ४२ वरून २५. यात कुणाचा गोंधळ होत नाही, आणि बोलणाऱ्यालाही लपायला जागा राहत नाही.

मग ते ७७३ फोडले, आणि इथे माझा चेहरा उतरला. त्यातले ३०१ कास्टिंगचे, म्हणजे ओतकामातले, दोष होते, ब्लो होल वगैरे. फाउंड्रीकडून येतानाच बिघडलेले. त्यांच्याशी माझा काय संबंध? १५४ इतर मशिनिंगचे: थ्रेड, फेसिंग, हाताळताना पडलेले डाग. बोअरचे होते ३१८. पुढच्या तिमाहीच्या ५३१ मध्ये कास्टिंगचे २९८, इतर १४१ आणि बोअरचे ९२. म्हणजे मी ज्या कामाचं श्रेय घेत होतो त्यात फाउंड्रीतही थोडी सुधारणा झालेली होती आणि ती मी माझ्या नावावर खपवत होतो. पण गंमत अशी, की नुसता बोअर बघितला तर घट ४० टक्क्यांहून कितीतरी मोठी दिसत होती. हजारात १७ वरून ४. दावा लहान केला तर आकडा मोठा झाला!

त्या खुशीत दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी एप्रिलचं पान चाळताना शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात ‘रिवर्क - ओके’ दिसलं. मग तसे बरेच दिसले. बोअर लहान राहिला तर तो पुन्हा कापून मापात आणता येतो. मोठा झाला तर मात्र जॉब भंगारात. जूनपर्यंत आम्ही दोन्ही एकाच रजिस्टरात रिजेक्ट म्हणून लिहीत होतो. ऑगस्टपासून रिवर्कचं वेगळं रजिस्टर सुरू झालं. कुणी सुरू केलं? मीच. म्हणजे सुधारणेचा एक तुकडा निव्वळ वही बदलल्यामुळे झाला होता.

हे साताऱ्याच्या साहेबांनी विचारलं असतं तर मी कायमचा खोटारडा ठरलो असतो, आणि मी खोटं बोलत होतो हे मला स्वतःलाही कळलं नसतं. मोजायची पद्धत मध्येच बदलली का, हा प्रश्न आता मी दुसऱ्यांच्या रेझ्युमेतसुद्धा आधी शोधतो.

जुन्या ३१८ मधून रिवर्क होऊन सुटलेले ६१ काढले. राहिले २५७. १८,४०० वर २५७ म्हणजे हजारात १४. पुढच्या तिमाहीतले ९२ आधीच नुसत्या भंगाराचे होते, म्हणजे हजारात ४. आता दोन्ही बाजू एका मापाच्या झाल्या. एकूण रिजेक्शनही त्याच मापानं मोजलं तर ३.९ वरून २.५ येतं, म्हणजे स्लाइडवरचे ४० खरं तर ३५ होते.

मामांचा उन्हाळ्या-हिवाळ्याचा प्रश्न शिल्लक होता. त्यासाठी कपाटातून त्याआधीच्या वर्षीचं ऑक्टोबर-डिसेंबरचं रजिस्टर काढलं. धूळ एवढी की शिंका थांबेनात. तेव्हा रिवर्क धरून बोअरचे हजारात १६ पडत होते, आणि एप्रिल-जूनमध्ये तसेच धरून १७. म्हणजे हिवाळा आला म्हणून फरक पडला नव्हता. रात्री मामांना फोन केला. ‘हां, आता बोला,’ एवढंच म्हणाले, आणि त्या दिवशीचा उतारा सांगितला.

आता मुख्य गोष्ट: मी केलं काय? हे लिहिताना कळलं की जुन्या ओळीत परिणाम होता, पण काम कुठेच नव्हतं.

बोअर ६२ मिलिमीटरचा, ६२०६ बेअरिंग बसतं त्यात. टॉलरन्स एच-७, म्हणजे ६२.००० ते ६२.०३०. तीस मायक्रॉनची खिडकी. कापता कापता टूलची टिप झिजते आणि बोअर हळूहळू लहान यायला लागतो. ऑपरेटर मोजतो आणि वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे झीज भरून काढायला मशीनला देतात त्या आकड्यात, दहा मायक्रॉन, पुन्हा दहा मायक्रॉन असं वाढवत जातो. शेवटी टिपची धार पार जाते, तोवर ऑफसेटमध्ये चाळीसेक मायक्रॉन साठलेले असतात. मग टिप बदलतात. नवी धार पूर्ण उंचीची, आणि जुन्या झिजेसाठी दिलेले चाळीस मायक्रॉन मात्र तसेच. पहिलाच बोअर ६२.०५ च्या आसपास. भंगार.

हे लिहिताना सोपं वाटतं. तेव्हा मात्र सगळे मशीनला, कास्टिंगच्या कडकपणाला, नाहीतर रात्रपाळीला दोष देत होते. मी टूल स्टोअरच्या टिप दिल्याच्या चिठ्ठ्या आणि रजिस्टरातली वेळ शेजारी शेजारी मांडली. भंगारात गेलेल्या २५७ पैकी १८१ जॉब टिप बदलल्यानंतरच्या पहिल्या दोन नगांतले निघाले. उरलेल्यांची कारणं वेगवेगळी होती, आणि आजचे हजारात ४ बहुतेक त्यांतलेच.

उपाय असा केला. टिप बदलली की वेअर ऑफसेट मागे घ्यायचा, पहिला बोअर मुद्दाम थोडा लहान कापायचा, बोअर गेजनं मोजायचा, मग फरक देऊन तोच जॉब पुन्हा कापून मापात आणायचा. लहान राहिला तर वाचवता येतो, या एकाच गोष्टीवर सगळा डोलारा. शिवाय टिप ‘वाजायला लागली की’ न बदलता ११० नगांनी बदलायची. पहिला बोअर लहान कापायची युक्ती माझी नव्हे, दुसऱ्या पाळीतल्या एका जुन्या ऑपरेटरची. तो ते आधीपासून करत होता आणि त्याच्या पाळीत भंगार कमी का, हे कुणी विचारलंच नव्हतं. माझं काम म्हणजे चिठ्ठ्या जुळवून कारण शोधणं, त्याची पद्धत एका तक्त्यावर उतरवून मशीनला लावणं आणि दोन्ही पाळ्यांतल्या सहा ऑपरेटरांकडून ती पाळली जाते का ते सहा आठवडे रोज बघणं. ‘मी’ कुठे आणि ‘आम्ही’ कुठे, हे एकदा असं वेगळं केल्यावर बोलताना जीभ अडखळत नाही.

पैशाचा आकडा राहिला. ५ लाखांचा उगम शोधायला मी आमच्या अकाउंट्समधल्या ताईंकडे गेलो. त्यांनी दोन मिनिटांत हिशेब उलटा करून दाखवला. कुणीतरी तिमाहीचं उत्पादन चारानं गुणलं होतं, म्हणजे ८५,०००. त्यावर १.७ टक्के, म्हणजे १,४४५ नग. आणि प्रत्येकाला विक्रीचा दर, ३५० रुपये. झाले ५ लाख.

‘पण जॉब भंगारात गेला म्हणून आपण विक्री गमावली का?’ ताई म्हणाल्या. ‘दुसरा करून दिलाच ना?’

बरोबर होतं. मशीनला वेळ शिल्लक होता, गिऱ्हाइकाला माल पूर्ण गेला. आमचं नुकसान म्हणजे कास्टिंगचे २३८ रुपये आणि बोअरपर्यंतच्या मशिनिंगचे ६०. त्यातून भंगाराचे ७८ परत येतात. नगाला २२० रुपये. दोन्ही मशीन रात्रंदिवस भरलेली असती आणि ऑर्डर परत जात असती, तर विक्रीतला नफा धरणं योग्य झालं असतं, पण तशी वेळ आमच्याकडे नव्हती. मग जुन्या दरानं २१,२५० नगांत २९७ जॉब भंगारात गेले असते, गेले ९२. वाचले २०५. गुणिले २२०, म्हणजे ४५,१००. तिमाहीला साधारण ४५ हजार.

५ लाखांवरून ४५ हजारांवर आलो. खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं. बायको म्हणाली, वर्षाचे धरा की, पावणेदोन लाख तरी होतील. पण वर्ष झालंच नव्हतं. एका तिमाहीचं मोजलेलं होतं, तेवढंच लिहिलं. रेझ्युमे अर्थात इंग्रजीत आहे. नवी ओळ मराठीत सांगायची तर अशी: ‘बेअरिंग हाउसिंग, दोन सीएनसी, महिन्याला सुमारे ७,००० नग: टिप बदलताना ऑफसेट मागे घेण्याची पद्धत बसवून बोअरचं भंगार हजारात १४ वरून ४ वर आणलं, तिमाहीला सुमारे ४५ हजारांचा माल वाचला.’

बाकीच्या ओळींना एवढा वेळ द्यावा लागला नाही. ‘फाइव्ह-एस यशस्वीपणे राबवलं’ ही ओळ काढून टाकली, कारण त्याचं आधीचं-नंतरचं काहीच मोजलेलं नव्हतं. ‘ऑपरेटरांना प्रशिक्षण दिलं’ इथे परिणाम नव्हता, पण आकारमान होतं: सहा ऑपरेटर, दोन पाळ्या, बोअर गेज आणि मास्टर रिंग. ते लिहिलं. त्यामुळे अमुक टक्के सुधारलं, असं शेपूट लावलं नाही.

दुसरी मुलाखत फेब्रुवारीच्या शेवटी पुण्याजवळच्या एका कंपनीत झाली. जाताना बसमध्ये मी चारच आकडे घोकले: ७ हजार, १४, ४, ४५ हजार. बाकीचे वहीत. सगळे पाठ करून म्हणायला गेलं की माणूस पाढे म्हणतोय असं वाटतं. ६९.०० टक्के वगैरे तर तोंडातून काढायचंच नाही असं ठरवलं होतं. दोन दशांशांपर्यंतचा आकडा ऐकला की मलाच शंका येते.

या वेळी बाई होत्या, क्वालिटी हेड. पेन त्याच ओळीवर टेकलं.

‘त्या काळात आणखी काय बदललं होतं?’

हा प्रश्न मी स्वतःला विचारून झाला होता. ‘एका मशीनचं स्पिंडल सप्टेंबरात दुरुस्त झालं, मॅडम. म्हणून दुसरं मशीन वेगळं काढून बघितलं. त्यावर काही दुरुस्ती नव्हती. तिथेही हजारात १३ वरून ५ वर आलं.’

‘रिवर्क यात आहे?’

‘नाही. आधीच्या आकड्यात मिसळलेलं होतं, ते काढलंय. धरलं असतं तर आधीचे १७ दिसले असते.’

त्यांनी वर बघितलं. ‘मग १७ का नाही लिहिलंत?’

‘नंतरच्या ४ मध्ये रिवर्क नाहीये, मॅडम.’

‘रिवर्क वाढलं असेल मग. तुम्ही तर मुद्दामच लहान कापताय.’

हा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारला नव्हता. क्षणभर घसा कोरडा पडला. मग आठवलं ते सांगितलं: टिप बदलल्यावरचा पहिला जॉब त्याच सेटिंगमध्ये, चकमधून न काढता पुन्हा कापतात, म्हणून तो रिवर्कच्या रजिस्टरात जात नाही. त्याला दोनेक मिनिटं जास्त लागतात. तिमाहीत टिप दोनशेच्या आसपास वेळा बदलली जाते, म्हणजे सहा-सात तास मशीनचा वेळ. ‘हे ४५ हजारांतून वजा केलेलं नाही, मॅडम. करायला हवं होतं.’

त्यांनी कॅल्क्युलेटर पुढे ओढला. २१,२५० कुठून आले ते विचारलं, मी वही उघडून पान दाखवलं. त्यांनी स्वतः गुणाकार केला, २०५ आकड्याभोवती गोल काढला, त्याच्या शेजारी ‘वजा ७ तास’ असं लिहिलं.

‘नोटीस पिरियड किती?’